सत्तावीस नियमांचा व्हिडिओ चार नियमांवर कसा आणला: रजा आणि वागणुकीची स्क्रिप्ट, ओळ अन् ओळ

नवीन माणसाला दाखवायच्या व्हिडिओबद्दल आपण चॅनेलवर बोललो, पण तिथे स्क्रिप्ट वाचून दाखवायला वेळ पुरला नाही. आज ते काम करू. एका दुकानाची खरी स्क्रिप्ट घेऊ, त्यातलं काय काढलं, काय ठेवलं, कसं लिहिलं, आणि माणसांच्या लक्षात राहिलं की नाही हे कसं तपासलं, ते सगळं बघू. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

दुकान आहे सांगलीकडचं, साड्या आणि रेडिमेडचं. सोळा माणसं कामाला, त्यातल्या नऊ बायका. मालक हौशी आणि शिस्तीचे. त्यांनी स्वतः मोबाइलवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला होता. समोर उभं राहून एकामागून एक नियम वाचलेले. मी मोजले, सत्तावीस निघाले. रजा, उशीर, मोबाइल, गणवेश, जेवणाची सुट्टी, ग्राहकाशी बोलणं, उधारी, कॅश, चपला कुठे काढायच्या, सगळं एका दमात.

लग्नसराईच्या तोंडावर पाच नवीन माणसं घेतली. दोन आठवड्यांत त्यातली एक मुलगी शनिवारी आलीच नाही. शनिवार, लग्नाचा बस्ता बांधायला दोन कुटुंबं आलेली आणि शालूच्या काउंटरवर माणूस नाही. मालक चिडले, 'व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, तरी न कळवता दांडी, हिला काढतो' म्हणाले. मुलगी म्हणाली, 'मी कळवलं होतं.' आणि खरंच कळवलं होतं. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला सकाळी मेसेज टाकला होता. मैत्रिणीने तो दुपारी बघितला.

व्हिडिओतलं वाक्य होतं: 'अनुपस्थित राहावयाचे असल्यास संबंधितांना पूर्वसूचना देणे बंधनकारक आहे.' आता तुम्ही सांगा, ती मुलगी कुठे चुकली? 'संबंधित' म्हणजे कोण, ते सांगितलंच नव्हतं. 'पूर्वसूचना' म्हणजे किती आधी आणि कशी, तेही नाही. तिने नियम मोडला नाही. तिने नियमातल्या रिकाम्या जागा आपल्या समजुतीने भरल्या. तिची नोकरी राहिली, पण स्क्रिप्ट बदलायचं ठरलं ते या शनिवारमुळे.

आधी विचारून बघा, मग लिहा

स्क्रिप्ट बदलायच्या आधी आम्ही पाचही नव्या माणसांना वेगवेगळं बसवून चार प्रश्न विचारले. तोंडी, कागद नाही, परीक्षेसारखं वातावरण नाही, चहा पीत पीत. प्रश्न 'नियम काय आहे?' असा विचारायचा नाही, कारण मग माणूस 'वेळेवर यायचं, नीट वागायचं' असं गोल उत्तर देतो. प्रसंग द्यायचा. 'उद्या सकाळी उठलीस आणि ताप आलाय. काय करशील?' असं विचारायचं.

पाचपैकी एकाने बरोबर उत्तर दिलं, आणि तो आधी दुसऱ्या दुकानात कामाला होता. पण चुकीची उत्तरं बरोबर उत्तरापेक्षा जास्त शिकवणारी होती. जुन्या व्हिडिओत एक वाक्य होतं: 'सलग तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल.' यावर दोन जणांचं उत्तर काय आलं माहीत आहे? 'तीन दिवसांपर्यंत चालतं.'

हसू नका, यात त्यांचा काही दोष नाही. ऐकताना डोक्यात आकडा राहतो आणि त्याच्या आजूबाजूची अट गळून पडते. 'तीन दिवस' राहिलं, 'विनापरवानगी' आणि 'कारवाई' गेलं. कुठल्याही धमकीच्या नियमाचं हेच होतं: जी मर्यादा तुम्ही शिक्षेसाठी लिहिता ती ऐकणाऱ्याला सवलत वाटते. म्हणून शिक्षेची पायरी व्हिडिओत घालायचीच नाही. ती नेमणूक पत्रात लिहा, तिथे सही घ्या. व्हिडिओत फक्त 'काय करायचं' ते सांगा.

अशी उत्तरं शब्दशः लिहून ठेवा. तुमच्या माणसांनी वापरलेले शब्द पुढे स्क्रिप्टमध्ये लागणार आहेत. या पाचांपैकी एकानेही 'रजा' हा शब्द वापरला नाही, सगळे 'सुट्टी' म्हणाले. 'गैरहजर' कोणी म्हटलं नाही, 'दांडी' म्हणाले किंवा 'यायला जमलं नाही'. मग स्क्रिप्टमध्ये 'रजा' कशाला?

चाळणी: सत्तावीसमधून चार

मालकांना सगळ्यात जड गेलेला भाग हाच. 'सगळेच नियम महत्त्वाचे आहेत हो!' असतील. पण अकरा मिनिटांत सत्तावीस म्हणजे एका नियमाला पंचवीस सेकंदसुद्धा नाहीत. पहिल्या दिवशी माणूस आधीच बावरलेला असतो, नवीन नावं, नवीन चेहरे, किंमतींचे कोड. त्यात तीन-चार गोष्टी बसतात. बाकीच्या बसत नाहीत, एवढंच नाही, तर त्या महत्त्वाच्या चारला सुद्धा ढकलून बाहेर काढतात.

तर प्रत्येक नियमाला एकच मुख्य प्रश्न विचारायचा: हा नियम ज्या क्षणी लागणार आहे, त्या क्षणी माणसासमोर आठवण करून देणारं काही असेल का? असेल तर तो व्हिडिओतून काढायचा.

उदाहरण घ्या. काउंटरवर मोबाइल वापरायचा नाही, हा नियम मालकांना व्हिडिओत सगळ्यात वर हवा होता. आम्ही आत येण्याच्या दारापाशी प्रत्येकाच्या नावाचे खण असलेलं लाकडी कपाट ठेवलं. आल्यावर मोबाइल तिथे. आता हे लक्षात ठेवायची गरजच नाही, कपाट आठवण करून देतं. घरून तातडीचा फोन आला तर दुकानाच्या नंबरवर यायला हवा, म्हणून तो नंबर पहिल्याच दिवशी घरच्यांना द्यायला सांगितला. गणवेश, चपला, जेवणाची वेळ, हेही असंच. बाजूचा माणूस काय करतोय ते बघून नवीन माणूस अर्ध्या तासात शिकतो.

सुट्ट्यांच्या आकड्यांचंही तेच. जुन्या व्हिडिओत मालकांनी कायद्यातल्या सुट्ट्या वाचून दाखवल्या होत्या. हेतू चांगला होता. महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. त्यात आठवड्याची एक सुट्टी आहे, वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा, म्हणजे आपण जिला सीएल म्हणतो ती आहे, आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार, ज्या वर्ष सुरू व्हायच्या आधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. सीएल दर तिमाहीला जमा होते, म्हणजे तीन महिन्यांना दोन, आणि वर्ष संपलं की उरलेली जाते. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

(हा कायदा किती कामगार असलेल्या दुकानांना पूर्ण लागू होतो, ती संख्या मूळ कायद्यात दहा होती आणि नंतर त्यात बदल झाले आहेत. तुमच्या दुकानाला आज काय लागतं ते तुमच्या कर सल्लागाराकडून किंवा कामगार कार्यालयातून लेखी घ्या. आणि कायद्याने लागत नसलं तरी सुट्ट्या काहीतरी ठरवाव्या लागतातच.)

आता बघा, यातलं पहिल्या दिवशी काय लागतं? अर्जित रजेचा हिशोब आठ-नऊ महिन्यांनी लागणार. तो आज सांगून उपयोग काय? तो आम्ही काढला आणि मालकांच्या डायरीत प्रत्येकाच्या नावासमोर आठव्या महिन्यात नोंद टाकली: 'अर्जित रजा समजावून सांगणे.' सीएल किती शिल्लक आहे हे हजेरी वहीत नावासमोर पेन्सिलने लिहायला सुरुवात केली, रोज सही करताना दिसतं. सणांच्या सुट्ट्यांची यादी भिंतीवर लावली. मात्र लक्षात घ्या, व्हिडिओतून काढलं म्हणजे लपवलं असं होता कामा नये. हक्काच्या सुट्ट्या एका पानावर मराठीत लिहून प्रत्येकाच्या हातात द्यायच्या. नियम सांगायला व्हिडिओ आणि हक्क सांगायला शांतता, असा प्रकार माणसांना लगेच कळतो.

या चाळणीतून चार उरले. सकाळी अचानक यायला जमणार नाही तेव्हा काय करायचं. ठरवून सुट्टी हवी असेल तर काय करायचं. माल दुकानाबाहेर जाताना काय करायचं. आणि कोणी त्रास दिला तर कोणाला सांगायचं. चारही असे आहेत की त्या वेळी माणूस एकटा असतो, समोर पाटी नसते, आणि चुकलं तर मोठं नुकसान होतं.

आणखी एक गोष्ट या चाळणीत सापडली. जुन्या स्क्रिप्टमध्ये होतं: 'न सांगता एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाईल.' हे खूप दुकानांत चालतं, आणि ते चुकीचं आहे. वेतनाच्या कायद्यात गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. एक दिवस आला नाही तर एक दिवसाचा पगार. म्हणजे हे वाक्य कॅमेऱ्यासमोर बोलून मालकांनी स्वतःविरुद्धच पुरावा तयार करून ठेवला होता. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पैशाचं कुठलंही वाक्य असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी जाणकाराला दाखवा.

एक नियम, पूर्ण लिहून

आता पहिला नियम लिहू. पद्धत अशी: वाक्य 'प्रसंगापासून' सुरू करायचं, नियमापासून नाही. माणसाला नियम 'रजेचे नियम' या खणातून आठवत नाही. त्याला ताप येतो आणि मग आठवायला हवं. म्हणून ताप आणि फोन या दोन गोष्टी एकत्र ऐकवायच्या. त्यात एक माणूस, एक वेळ, एक मार्ग. तिन्हींपैकी एकही सैल ठेवायचं नाही. या दुकानात फ्लोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'मोठ्या ताई' म्हणतात, तर स्क्रिप्टमध्येही मोठ्या ताईच.

> सकाळचे सात वाजलेत. अंगात ताप आहे. आज दुकानात जाणं जमणार नाही.
> आता काय करायचं?
> (चार सेकंद शांत.)
> मोठ्या ताईंना फोन करायचा. साडेनऊच्या आत.
> मेसेज नाही. फोन. ताई 'बरं' म्हणाल्या की झालं.
> ताईंचा फोन लागला नाही? दुकानाच्या नंबरवर करा. दुकानात कोणीतरी नऊपासून असतं.
> कारण सांगायला लाजू नका. साडेनऊला कळलं तर ताई दुसऱ्या काउंटरचा माणूस तुमच्या जागी लावतात. अकराला कळलं तर गिऱ्हाईक परत जातं.
> तर, सकाळी अडचण आली की? (दोन सेकंद.) ताईंना फोन, साडेनऊच्या आत.

सत्तरच्या आसपास शब्द आहेत. सावकाश बोलून, थांबे धरून, एक मिनिटाच्या आत संपतं. मी स्क्रिप्ट मोजताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द धरतो. बातम्या वाचल्यासारखं बोललात तर जास्त बसतील, पण मग हाती काही लागणार नाही.

आता यातल्या दोन-तीन जागा बघा. 'मेसेज नाही. फोन.' हे वेगळं वाक्य आहे, कारण गोंधळ तिथेच झाला होता. तुमच्या दुकानात गोंधळ दुसरीकडे होत असेल, तर तुमचं तुटक वाक्य तिथे यायला हवं. हे तुम्हाला आधीच्या चहाच्या गप्पांतून कळतं, माझ्या स्क्रिप्टची नक्कल करून नाही. नऊ ते साडेनऊ दुकान उघडायच्या आधीची वेळ आहे, त्यामुळे फोन घ्यायला ताईंना सवड असते. तुमच्याकडे त्या वेळी दूध उतरवायचं असेल किंवा पीठ मळायचं असेल तर फोन कोणी उचलणारच नाही, आणि नियम पहिल्याच आठवड्यात मरेल.

कारण एकाच वाक्यात दिलं आहे. 'शिस्त महत्त्वाची' हे कारण होत नाही. काउंटर रिकामं राहतं हे कारण आहे, कारण ते डोळ्यांसमोर दिसतं. आणि 'अपवादात्मक परिस्थितीत' वगैरे काही नाही. अपवाद ताई बघतील. अपवाद व्हिडिओत घातला की माणसाला नियम आठवत नाही, अपवाद आठवतो.

मधला चार सेकंदांचा थांबा मालकांना विचित्र वाटला. 'व्हिडिओ अडकलाय असं वाटेल' म्हणाले. तो काढू नका. उत्तर ऐकायच्या आधी माणसाने स्वतः क्षणभर शोधलं तर ते जास्त टिकतं. यावर अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आपल्याला पाच मिनिटांनी काही फरक पडत नाही. ताप पुढच्या आठवड्यात येणार आहे.

बाकीचे तीन, थोडक्यात

ठरवून घ्यायच्या सुट्टीत खरी अडचण वेगळी असते. माणूस आधी गावाचं तिकीट काढतो, घरी शब्द देतो, आणि मग विचारतो. मग नाही म्हणणंही अवघड आणि हो म्हणणंही. म्हणून नियमाचं वाक्य केलं: 'आधी सही, मग तिकीट.' सुट्टीची वही ताईंच्या टेबलावर असते. तारीख लिहायची, ताईंची सही झाली की सुट्टी नक्की. ताईंनी तोंडी 'बघू' म्हटलं तर ते हो नाही, हे स्क्रिप्टमध्ये मुद्दाम घातलं, कारण आपल्याकडे 'बघू'चा अर्थ ज्याला जो हवा तो घेतो. इथे मालकांनाही एक अट घातली: वहीत लिहिल्यापासून दोन दिवसांत सही किंवा नकार, काहीतरी मिळालंच पाहिजे. नाहीतर 'आधी सही' म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.

दिवाळी आणि लग्नसराईत सुट्टी अवघड असते, हे जुन्या व्हिडिओत 'पीक सीझनमध्ये रजा अनुज्ञेय नाही' असं होतं. नवीन माणसाला पीक सीझन कधी ते काय माहीत? ते व्हिडिओतून काढलं आणि वहीतच त्या तारखांची पानं लाल पेनने आखली. लिहायला पान उघडलं की दिसतं.

तिसरा नियम मालाचा. हा वागणुकीतला सगळ्यात नाजूक, कारण सांगताना समोरच्यावर चोरीचा संशय घेतल्यासारखं वाटतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये 'चोरी आढळल्यास पोलीस तक्रार' असं होतं. प्रत्यक्षात दुकानात चोरीपेक्षा वेगळंच होत होतं. साडी फॉल-पिकोला जाते, ती चिठ्ठीशिवाय गेली. कोणी बहिणीला दाखवायला दोन साड्या घरी नेल्या, 'सकाळी आणते' म्हणून. स्टॉक लागत नाही आणि मग सगळ्यांवर संशय. म्हणून वाक्य असं:

> साडी दाराबाहेर चालली की तिच्याबरोबर कागद हवा. विकली तर बिल. फॉल-पिकोला तर चिठ्ठी. घरी दाखवायला नेताय, तरी चिठ्ठी.
> मालक स्वतः घरी नेतात तेव्हाही चिठ्ठी फाडतात.

शेवटची ओळ मालकांकडून कबूल करून घ्यायला अर्धा तास गेला. पण त्या एका ओळीने नियमातला अपमान निघून जातो. फक्त एक, ही ओळ खरी असली तरच बोला. मालकांनी आठवडाभरात एकदा जरी चिठ्ठीशिवाय साडी नेली, तर व्हिडिओ किती चांगला होता याला काही अर्थ राहत नाही.

चौथ्या नियमाला मी वेगळी क्लिप करायला लावतो. बायकांना त्रास देणं, नको ते बोलणं, अंगचटीला येणं, हा विषय मोबाइल आणि गणवेशाच्या रांगेत घालायचा नाही. तिथे घातला की तो तेवढाच हलका वाटतो. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर दुकानात अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा, या विषयात काम करणारा. या दुकानात सोळा माणसं असून समिती नव्हती. म्हणून क्लिप थांबवली, आधी समिती झाली, मग क्लिप. नसलेल्या समितीचं नाव व्हिडिओत घेण्यासारखा पोरखेळ नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

स्क्रिप्टमध्ये कायद्याच्या व्याख्या वाचल्या नाहीत. सांगितलं ते एवढंच: त्रास गिऱ्हाइकाने दिला तरी सांगायचं, 'गिऱ्हाईक आहे, सोडून दे' असं दुकानात कोणी म्हणणार नाही, कोणाला सांगायचं, त्या दोन बायकांचे चेहरे आणि नंबर, तक्रार लेखी हवी, लिहायला मदत मिळेल, आणि कायद्यात मुदत घटनेपासून तीन महिने आहे, म्हणून थांबू नका. इथे चार सेकंदांचा कोड्यासारखा थांबाही ठेवला नाही आणि नाटकही केलं नाही. समितीच्या अध्यक्ष बाई कॅमेऱ्यात बघून बोलतात, बस्स.

नाटकावरून आठवलं. बऱ्याच जणांना 'चुकीचा कर्मचारी' दाखवून विनोदी प्रसंग करायचा असतो. पहिल्या तीन क्लिपसाठीही मी नको म्हणतो. लोक हसतात, तो प्रसंग आठवतात, आणि शेवटी काय करायचं होतं ते विसरतात. बरोबर काय ते दाखवा. ताप आलेली मुलगी फोन लावते आणि ताई 'बरं' म्हणतात, एवढा शॉट पुरे. आणि पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहून तीच वाचू नका. फक्त 'फोन. ९.३० च्या आत.' एवढं मोठ्या अक्षरात.

दाखवायचा कसा आणि तपासायचा कसा

चार क्लिप एका दिवशी सलग दाखवल्या तर पुन्हा तेच होईल. पहिल्या दिवशी पहिली आणि चौथी. मालाची क्लिप दुसऱ्या दिवशी, साड्यांच्या घड्या हाताखालून गेल्यावर. सुट्टीच्या वहीची तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण 'गावाला कधी जाऊ' हा विचार तेव्हाच सुरू होतो.

मग मोठ्या ताईंचं काम. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने, दुकान उघडायच्या आधी, एकच प्रसंग विचारायचा. 'गिऱ्हाईक म्हणतंय साडी घरी दाखवून आणते, काय करशील?' उत्तर चुकलं तर रागवायचं नाही, बरोबर काय ते सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा. यात दोन मिनिटं जातात. हे न करता नुसत्या क्लिप दाखवल्या तर जुन्या व्हिडिओपेक्षा थोडंच बरं होईल, फार नाही.

पुढच्या वेळी चार नवीन माणसं आली तेव्हा दहाव्या दिवशी चौघांनाही तापाचं उत्तर आलं. मालाच्या नियमात मात्र दोघं अडखळली. दोघंही म्हणाली, 'बिल हवं.' फॉल-पिकोची चिठ्ठी आठवली नाही. कारण 'बिल' हा शब्द आधी आणि चिठ्ठी नंतर होती. एकाच क्लिपमध्ये दोघं एकसारखं चुकत असतील तर माणसं नाही, वाक्य तपासायचं. आम्ही क्रम उलटा केला: आधी फॉल-पिकोची चिठ्ठी, मग घरी दाखवायची, आणि बिल शेवटी, कारण विकलेल्या मालाचं बिल कोणालाच सांगावं लागत नाही. एकच जण चुकला असता तर क्लिपला हात लावला नसता, त्याला पुन्हा सांगितलं असतं.

सगळ्या क्लिप वेगवेगळ्या फाइल म्हणून ठेवा, एकत्र जोडू नका. मोठ्या ताईंनी उद्या नोकरी सोडली किंवा दुकानाची वेळ बदलली तर पहिली क्लिप त्याच दिवशी पुन्हा रेकॉर्ड करावी लागेल, आणि ती एक मिनिटाची असेल तरच तुम्ही ते कराल. फाइलच्या नावात महिना टाका. आणि समितीचे सदस्य बदलले की चौथी क्लिप पहिली बदलायची, बाकीच्या नंतर.